खर्जातला गंधार

पसायदानाची नववी ओवी संपली आणि बाईंनी पेटीवर काळी पाच दाबली. आम्ही चौदा जणींनी तिथूनच सुरुवात केली होती. आता पेटीचा सूर एकीकडे आणि आमचा दुसरीकडे. बाईंनी पांढरी सहा दाबून पाहिली, तेव्हा आमचा सूर तिच्याशी जुळला. नऊ ओव्यांत आख्खा अर्धा स्वर आम्ही खाली आलो होतो, आणि एकीलाही त्याचा पत्ता नव्हता.

चारकोपच्या आमच्या सेक्टरमधल्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर मंगळवारी आमचा समूहगानाचा वर्ग भरायचा. नोकरी सोडल्यावर मी तिथे जाऊ लागले. शाळेत असताना गाण्यात बक्षिसं मिळालेली, त्यामुळे आपला कान चांगला आहे याबद्दल मनात शंका नव्हती. त्या दिवशी सूर उतरला तो मागच्या रांगेमुळे, असं मला ठाम वाटलं, आणि ते मी बोलूनही दाखवलं. बाईंनी वाद घातला नाही. पुढच्या मंगळवारी त्यांनी प्रत्येकीला आपापला मोबाइल छातीशी धरून रेकॉर्डिंग करायला लावलं. घरी जाऊन मी माझं ऐकलं. ओळीच्या शेवटी षड्जावर उतरताना मी दर वेळी जरा जास्तच खाली जात होते. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, म्हणून शेजारच्या दोघी माझ्यामागून येत होत्या. मागच्या रांगेबद्दल मी जे बोलले होते, त्याची मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बाईंकडे जाऊन मी हे सांगितलं. ‘‘ऐकू आलं ना? मग आता काम करता येईल,’’ एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांनी मला आधी हिशेब समजावला. काळी पाचचा षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण २३३ कंपनं, पांढरी सहा म्हणजे २२०. तेरा कंपनांचा फरक नऊ ओव्यांत वाटला तर एका ओवीच्या वाट्याला जेमतेम दीड येतो. एवढी घसरण गाता गाता कोणाला कळणार? शिवाय सगळ्याच एकत्र खाली येत असल्यामुळे आपसांत सूर जुळलेलेच राहतात. शेजारणीशी आपलं जमतंय, म्हणजे आपण सुरात आहोत, असं वाटतं. एकटा गाणारा उतरला तर तंबोरा त्याला सांगतो. समूह उतरला की तो स्वतःलाच प्रमाण मानत खाली जातो.

मग कारणं. आमची चाल एकाच स्वरावर बरीच अक्षरं म्हणत जाते आणि ओळीच्या शेवटी षड्जावर येते. त्याच स्वरावर सातवं-आठवं अक्षर येईपर्यंत श्वास कमी पडतो आणि सूर बसतो. उतरताना पाऊल मोठं पडतं, परत चढताना तेच पाऊल आखूड पडतं, आणि राहिलेली तूट कोणी भरून काढत नाही. पण माझी खरी अडचण वेगळी होती. हॉलचे पंखे, बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न, वर शेजारणींचे आवाज. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. मी चढवला की शेजारीण चढवणार. त्यात स्वतःचा आवाज कानावर नीट येईनासा होतो, आणि जे ऐकू येत नाही ते दुरुस्त कसं करणार? बाईंनी पंखे बंद करायला लावले, आम्हाला एकमेकींपासून हातभर अंतरावर उभं केलं आणि सांगितलं, ‘‘शेजारीण ऐकू येईल एवढंच मोठ्यानं गा.’’ तेवढ्यानंच निम्मी घसरण थांबली.

उरलेली निम्मी कानाची होती. त्यासाठी बाईंनी मला त्यांच्या घरी बोलावलं. तिथे मिरजेचा जुना तंबोरा होता, पंचम, दोन षड्ज आणि खर्ज असा लावलेला. पहिल्या दिवशी गायचं नव्हतं. खर्जाच्या तारेत गंधार ऐकू येतो का, एवढंच पाहायचं होतं. मला फक्त गुंजन ऐकू येई. बाई जवारीचा दोरा केसभर पुढेमागे सरकवत आणि पुन्हा तार छेडत. असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी तार छेडल्यानंतर थोड्या वेळानं, वरून कोणीतरी हळूच गंधार म्हणावा तसा तो उमटला. एकाच तारेच्या आत अनेक सूर असतात आणि हा त्यांतला पाचवा, हे बाईंनी नंतर सांगितलं. पेटीचा गंधार यापेक्षा किंचित चढा असतो, म्हणून बाई कानाचा सराव पेटीवर घेत नसत.

मग दोघींनी एकच षड्ज धरायचा. बाई आपला सूर मुद्दाम जरासा खाली घेत. दोन आवाज मिळून डोलू लागत, हेलकावा येई. २३३ आणि २३१ एकत्र वाजले तर सेकंदाला दोन हेलकावे. मी माझा सूर तसाच ठेवायचा आणि बाई हळूहळू वर येऊन हेलकावे संथ होत कधी थांबतात ते बोट उचलून सांगायचं. नंतर मी सूर हलवायचा आणि त्यांनी बोट उचलायचं. सूर जुळला की नाही हे तोवर मला अंदाजानं वाटत असे. या सरावानंतर ते ऐकू येऊ लागलं.

सर्वांत कठीण होती मुकी ओवी. पहिली ओवी गायची, दुसरी त्याच लयीत फक्त मनात म्हणायची, तिसरी पुन्हा मोठ्यानं सुरू करायची, आणि लगेच तंबोरा छेडून पाहायचं. सुरुवातीला तिसरी ओवी दर वेळी खाली निघे. गळा गप्प असतानाही सूर उतरत होता, याचा अर्थ चूक गळ्यात नव्हती. पुढचा स्वर काढण्याआधी मी तो मनात ऐकतच नव्हते. हे मला त्या दिवशी, वयाच्या पन्नाशीनंतर कळलं. मग हाच सराव बाईंनी हॉलमध्ये सगळ्यांकडून करून घेतला. त्यांनी हात मिटला की चौदाही जणी मुक्या, उघडला की पुन्हा आवाज.

यानं सगळं सुटत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. एका मे महिन्यात सराव चालू असूनही आम्ही पुन्हा उतरू लागलो. बाईंनी कुठे उतरतोय ते पाहिलं. सगळीकडे नव्हे, फक्त वरच्या स्वरांवर. सगळीकडे घसरत असेल तर कान तपासायचा, फक्त वर घसरत असेल तर पट्टी तपासायची. आमच्यातल्या वयस्कर जणींना ती उंची झेपत नव्हती. बाईंनी पट्टी काळी चारवर आणली आणि तक्रार मिटली. कानाचे धडे कितीही दिले असते तरी ते दुखणं गेलं नसतं.

बाई आता मुलीकडे नाशिकला असतात. जाताना तंबोरा त्यांनी माझ्याकडे ठेवला. मंगळवारी मी तो हॉलमध्ये नेते आणि नववी ओवी संपल्यावर छेडते. मागच्या खेपेला हेलकावा आला. अगदी संथ होता, पण होता. रात्री फोन करून बाईंना सांगितलं.

‘‘कोणी ओळखला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मागच्या रांगेनं,’’ मी म्हटलं.