लहान बुडबुड्याचा मोठा दाब

मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा न्याय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. बुडबुड्यांच्या राज्यातही शेवटी मोठाच उरतो आणि लहान नाहीसा होतो. पण तेथे मोठ्याने काही केलेले नसते. लहानच आपली हवा मोठ्याच्या पोटात ओतून संपतो, आणि तेही स्वतःच्या जोरावर! लहान बुडबुड्याच्या आतला दाब मोठ्याहून अधिक असतो, म्हणून असे घडते. हे वाक्य आम्ही पदवी परीक्षेसाठी पाठ केले होते. ते डोळ्यांनी पाहिले मात्र निवृत्तीनंतर, आणि पाहिल्यावर ते आम्हांला घरापासून फार दूर घेऊन गेले.

बुडबुडे कोणी उडवले नाहीत? कुंपणाच्या मोगली एरंडाचे पान देठाशी मोडावे, चिकाचा पडदा धरला की हलकेच फुंकावे, म्हणजे रंगीत फुगा तरंगत निघे. पण एका फुग्यावरून हा न्याय कळत नाही. त्यासाठी दोन बुडबुडे एकमेकांना जोडावे लागतात. सुरतेत शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत हवेच्या पातळ नळ्या, तीन तोंडांचा जोड आणि चिमुकल्या तोट्या मिळतात. तेवढे साहित्य आम्ही आणले. जोडाच्या दोन फाट्यांच्या टोकांना साधारण एक सेंटिमीटर तोंडाची काचेची नळकांडी बसवली. तिसरा फाटा फुंकण्यासाठी ठेवला. प्रत्येक फाट्यावर एक तोटी. साबणाच्या पाण्यात थोडे ग्लिसरीन घातले, म्हणजे पडदा लवकर सुकत नाही.

दोन्ही तोंडे साबणात बुडवून घ्यावीत. एक तोटी बंद ठेवून दुसऱ्या तोंडावर संत्र्याएवढा, म्हणजे तीनेक सेंटिमीटर त्रिज्येचा, बुडबुडा फुगवावा आणि त्याची तोटी बंद करावी. मग पहिली उघडून त्या तोंडावर मोठ्या बोराएवढा, एक सेंटिमीटर त्रिज्येचा, बुडबुडा करावा. शेवटी फुंकण्याचा फाटा बंद करून दोघांमधली वाट मोकळी करावी. पाहणाऱ्याला वाटते, दोघे सारखे होतील. होते उलटेच. बोर आकसू लागते, आधी सावकाश आणि मग झपाट्याने, आणि संत्रे किंचित फुगते.

प्रयोग फसण्याच्या दोन जागा आहेत. सांध्यातून हवा गळत असेल, तर तोट्या बंद असतानाही बुडबुडा लहान होत जातो. म्हणून वाट उघडण्यापूर्वी मिनिटभर नुसते पाहत राहावे. दुसरी जागा अधिक फसवी आहे. लहान बुडबुडा अर्ध्या चेंडूहून अधिक फुगलेला हवा. तो नुसता बशीसारखा उथळ असेल, तर दिसायला लहान असूनही त्याची गोलाई एका मोठ्या चेंडूच्या तुकड्याची असते, आणि दाब ठरतो तो या गोलाईवर. म्हणूनच प्रयोगाच्या अखेरीस लहान बुडबुडा पुरता नाहीसा होत नाही. त्याच्या तोंडावर एक उथळ टोपी उरते, आणि तिची वक्रता मोठ्या बुडबुड्याइतकीच असते. दोन्हींकडचा दाब तेथे सारखा होतो आणि हवा थांबते.

असे का, ते समजायला फार गणित लागत नाही. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या कातड्यासारखा वागतो; त्या ओढीला पृष्ठताण म्हणतात. बुडबुड्याचे मनाने दोन अर्धे करा. त्यांना एकत्र धरून ठेवते ती कापल्या जागेच्या कडेवरची ओढ, आणि त्यांना दूर ढकलतो तो आतल्या हवेचा दाब. कडेची लांबी त्रिज्येच्या प्रमाणात वाढते, पण दाब ज्यावर काम करतो ते वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्रिज्या तिप्पट झाली की ओढ तिप्पट होते, पण ढकलण्याची जागा नऊपट. म्हणून तिथे तिसरा हिस्सा दाब पुरतो. साबणाच्या पडद्याला आतला आणि बाहेरचा असे दोन पृष्ठभाग असतात, म्हणून बुडबुड्यातला अतिरिक्त दाब पृष्ठताणाच्या चौपटीला त्रिज्येने भागून मिळतो. आमच्या बोरात तो सुमारे १० पास्कल येतो, म्हणजे एक मिलिमीटर उंचीच्या पाण्याएवढा. संत्र्यात त्याच्या तिसरा हिस्सा. वातावरणाच्या दाबापुढे हा दहा हजारांत एक भाग. पण नळीतून हवा हाकायला तेवढा पुष्कळ होतो.

पाण्याच्या थेंबाला एकच पृष्ठभाग असतो, म्हणून तेथे चौपटीऐवजी दुप्पट धरावयाची. एक मिलिमीटर त्रिज्येच्या थेंबात हा अतिरिक्त दाब दीड सेंटिमीटर पाण्याएवढा असतो. तोच थेंब हजारपट लहान करून एक मायक्रॉनवर आणला, की आतला अतिरिक्त दाब वातावरणाच्या जवळजवळ दीडपट होतो.

येथे आम्हांला एक जुना प्रश्न आठवतो. १९८७ च्या दुष्काळात, नोकरीच्या प्रारंभीच, आम्ही बनासकांठ्यात राहतकामांवर होतो. एका वृद्ध शेतकऱ्याने वर बोट दाखवून विचारले होते, "साहेब, ढग येतात, सावली टाकतात आणि निघून जातात. आत पाणी आहे ना? मग ते अडते कुठे?" हजेरीपटावर खडी फोडणाऱ्यांची नावे लिहिणाऱ्या आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते, आणि त्या माणसाचे बैल तर आधीच विकले गेले होते.

त्या उत्तराचा पहिला भाग आमच्या नळ्यांतच आहे. ढगातल्या थेंबांमध्ये नळी नसते, पण बाष्पाची वाट असते: एका थेंबातून पाणी उडते आणि दुसऱ्यावर बसते. अतिशय वक्र पृष्ठभागावरचा रेणू शेजाऱ्यांनी कमी धरून ठेवलेला असतो, म्हणून लहान थेंबातून पाणी लवकर उडते. हा नियम लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७१ मध्ये मांडला. शुद्ध पाण्याच्या एक शतांश मायक्रॉन त्रिज्येच्या थेंबाला टिकायचे, तर सभोवतालची हवा संपृक्ततेच्या वर सुमारे ११ टक्के बाष्पाने भरलेली हवी. ढगात हे आधिक्य क्वचितच एका टक्क्यापलीकडे जाते. म्हणजे नुसत्या बाष्पातून थेंब जन्मला, तरी जन्मताच सुकेल आणि त्याचे पाणी जवळच्या मोठ्या थेंबाकडे जाईल. मग पहिला थेंब मोठा झालाच कसा?

तो एकटा जन्मत नाही. त्याला एक कण मिळतो. मिठाचा सूक्ष्म कण बाष्प ओढून घेतो आणि त्यात विरघळतो. खारट पाणी शुद्ध पाण्याइतके लवकर उडत नाही. वक्रता पाणी बाहेर ढकलते, मीठ ते आत धरते, आणि या ओढाताणीत मीठ जिंकले की थेंब तो नाजूक काळ पार करतो.

हे मीठ येते कोठून? पुष्कळसे आपल्या डुमससारख्या किनाऱ्यांवरून आणि त्यांच्यापुढच्या समुद्रातून. काळ्या वाळूवर लाट फुटते तेव्हा ती असंख्य बुडबुडे पाण्यात कोंडते, आणि तेथेही हाच न्याय चालतो. दहा मायक्रॉन त्रिज्येच्या बुडबुड्यावर पृष्ठताणाचा दाब इतका असतो, की जणू तो दीड मीटर अधिक खोल गेला आहे. त्याची हवा पाण्यात विरघळते आणि काही सेकंदांत तो संपतो. मोठे बुडबुडे मात्र तगतात, वर येतात आणि फुटतात. फुटताना त्यांच्या तळातून पाण्याची बारीक पिचकारी उडते, तिचे तुषार वाऱ्यावर सुकतात आणि मिठाचे कण उरतात. नैऋत्य मोसमी वारा ते उचलून कोकण आणि सह्याद्रीकडे नेतो.

सह्याद्री ओलांडल्यावर प्रश्नाचा दुसरा भाग येतो. पर्जन्यछायेतल्या सोलापुराकडे जाणाऱ्या ढगांत कण कमी नसतात. उलट धूळ आणि धुराचे बारीक कण अतोनात असतात. बाष्प त्या सगळ्यांत वाटले जाते आणि सर्वच थेंब लहान राहतात. ते सुकत नाहीत, पण पडण्याइतके जडही होत नाहीत. एक मिलिमीटर त्रिज्येच्या पावसाच्या थेंबाला दहा मायक्रॉनचे दहा लाख थेंब लागतात. बाष्प शोषून तिथवर पोचायला ढगाचे आयुष्य पुरत नाही. थेंबांनी एकमेकांवर आदळून एक व्हावे लागते, आणि सारखेच लहान थेंब एकाच गतीने तरंगत असल्यामुळे क्वचितच आदळतात. ढग सावली टाकतो आणि जातो, तो यामुळे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात याच ठिकाणी हात घातला. विमानाला लावलेली नळकांडी ढगाच्या तळाशी पेटवून कॅल्शियम क्लोराइडचे, म्हणजे ओल ओढणाऱ्या क्षाराचे, कण सोडले. त्यांवर बसलेले थेंब इतरांहून आधी मोठे होतात, वेगळ्या गतीने पडतात आणि वाटेतल्या लहानांना सामावून घेतात. म्हणजे पहिली पायरी क्षाराची आणि पुढची टकरांची. तेथे पृष्ठताणाचा दाब मागे पडलेला असतो. दुसरे विमान मोजमाप घेत होते. कोणत्या ढगात बीज टाकावयाचे हे मुद्दाम यदृच्छेवर सोडले होते, कारण चांगले ढग निवडून बीज टाकले, तर पाऊस बीजाचा की ढगाचा, हे कळत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बीज टाकलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेकडील सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात १८ टक्के अधिक पाऊस मिळाला.

या आकड्याचा अर्थ नीट घेतला पाहिजे. जेथे १०० मिलिमीटर पडले असते तेथे ११८ पडले. जेथे काहीच पडणार नव्हते तेथे शून्याचे १८ टक्के म्हणजे शून्यच. कोरड्या आकाशातून पाणी काढता येत नाही, आणि उथळ, विरळ ढगातूनही नाही. दुष्काळ पडल्यावर विमान मागवण्याचा ठराव होतो, पण दुष्काळ पडतो तोच मुळी योग्य ढग न आल्यामुळे. ढग बरे असलेल्या वर्षी थोडे अधिक पाणी पाझरवून धरणात आणि विहिरींत साठवावे, एवढेच या विद्येचे वचन आहे. बनासकांठ्यातला तो वृद्ध आज भेटला असता, तर त्याला आम्ही इतके सांगितले असते, की पाणी होते, पण ते लहान लहान थेंबांत इतके वाटले गेले होते, की कोणालाच खाली उतरता आले नाही.