फोनवरचे तीस, पत्रातले सत्तावीस

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून कृषी पदवी घेतलेल्या मुलाचं उदाहरण घेऊ. बियाण्याच्या कंपनीत फिल्डची नोकरी, फोनवर ‘महिना तीस पडतील’ असं बोलणं झालेलं आणि ऑफर लेटरमध्ये वर्षाचे 3,24,000, म्हणजे महिना सत्तावीस. माझ्या मते याला द्यायचं पहिलं उत्तर होकाराचं नको, नकाराचं नको आणि मागणीचंही नको. ते विचारणेचं हवं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 7 प्रमाणे स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. ‘तीस दिले तरच येतो’ असं लिहिलं की तो उलट प्रस्ताव ठरतो आणि मूळ ऑफर त्याबरोबर पडते. ‘फोनवर तीस हजार ठरले होते, पत्रात सत्तावीस दिसतात. हा फरक कशामुळे, तेवढं कळवावं. त्यानंतर लगेच होकार पाठवतो’ एवढ्या मजकुराने ऑफर जागेवर राहते. स्वीकारेपर्यंत कंपनी ती मागे घेऊ शकते, हे खरं. म्हणून विचारणा त्याच दिवशी आणि ईमेलवरच करावी.

विचारण्याचं कारण असं, की ‘तीस’चे अर्थ अनेक. फिल्डच्या नोकरीत टीए-डीए धरून तीस सांगितले जातात. ते तीन हजार फिरलात तरच मिळतात, रजेवर असलात की नाही. उलट, पत्रात बरोबर 3,60,000 सीटीसी असली तरी हातात तीस येत नाहीत. बेसिक 15,000 धरा. कंपनीच्या वाट्याचे पीएफचे 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे 720 त्याच तीस हजारांत बसवलेले असतील, तर ते जाऊन सुमारे 27,480 उरतात. त्यातून आपला पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 गेला की साडेपंचवीसच्या आसपास. इथे फसवणूक नाही, फक्त फोनवर सीटीसी हा शब्द कोणी उच्चारला नाही. त्यामुळे सत्तावीस म्हणजे सीटीसी की कपातीआधीचा पगार, हेही त्याच ईमेलात विचारावं.

कोणी म्हणेल, तोंडी शब्दही करारच असतो. असतो, पण बहुतेक ऑफर लेटरांत ‘यापूर्वीची सर्व बोलणी रद्द’ अशा अर्थाचं कलम असतं, आणि त्याखाली सही केल्यावर फोनचा आधार फार उरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जिंतूर-गंगाखेडच्या पोराला दुसरी नोकरी कुठे ठेवलीय, तीन हजारांसाठी कशाला ताणायचं? सत्तावीस घ्यायला माझी ना नाही. पण पुढची वाढ टक्क्यांत आणि बहुधा ठरलेल्या पगारावर होते, टीए-डीएवर नाही. दहा टक्के मिळाले तरी वर्षाने तो 29,700 वरच पोचेल, फोनवरच्या तीसच्या खालीच. ‘सहा महिन्यांनी बघू’ असं उत्तर आलं, तर ते महिन्याच्या नावासह पत्रात घालून मागावं.