बीसीसीतला लेखक

संपादकांना मी अनुवादाचा तिसरा खर्डा पाठवला. ‘टू’मध्ये त्या, कारण उत्तर त्यांनीच द्यायचं होतं, ‘सीसी’त प्रुफं पाहणारे, त्यांना नुसतं ठाऊक असावं म्हणून. मूळ कन्नड लेखकांना मात्र मी ‘बीसीसी’त घातलं. शेवटचा परिच्छेद गाळायला माझा विरोध आहे हे त्यांना दिसावं, पण संपादकांना तो दबाव वाटू नये, एवढाच हिशेब. (हिशेब कसला, लबाडीच ती.)

लेखकांनी मनापासून ‘रिप्लाय ऑल’ दाबलं. बीसीसीतल्या माणसाचं नाव इतरांना दिसत नाही, त्याला मात्र टू आणि सीसीतले सगळे पत्ते दिसतात. त्याचं उत्तर त्या सगळ्यांकडे जातं. “तुमचंच बरोबर, परिच्छेद राहू द्या,” एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

संपादकांचा फोन आला. “सर पहिल्यापासून वाचत होते का?”

मी हो म्हटलं.

आता लेखकांना काही दाखवायचं असेल, तर पाठवून झालेली मेल मी त्यांना वेगळी फॉरवर्ड करते. त्यांचं उत्तर मग माझ्याकडेच येतं. परिच्छेद राहिला. संपादक मात्र तेव्हापासून मला उत्तर देताना लेखकांना स्वतःच सीसीत घालतात.