फॅक्समधला फळा, फोनमधला फळा

सन २०००च्या आसपास चाकण, पिरंगुटच्या कारखान्यांत जपानी भाषेचं काम करणाऱ्या आम्हा लोकांचं जेवण दुपारी दीडनंतरच व्हायचं. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथली मीटिंग संध्याकाळी पाचला संपली की इथे दीडच्या सुमाराला फॅक्स वाजायचा, आणि गुळगुळीत थर्मल कागदाची सुरळी बाहेर येऊ लागायची. त्यावर तिकडच्या मीटिंग रूममधला अख्खा व्हाइटबोर्ड असायचा.

तेव्हा जपानी कारखान्यांत कॉपी बोर्ड नावाची एक छान वस्तू असे. बोर्डाचा पांढरा पत्रा म्हणजे खरं तर एक रुंद पट्टा. बटण दाबलं की तो सरकायचा, आतला स्कॅनर लिहिलेलं वाचायचा आणि खालच्या छोट्या प्रिंटरमधून कागद निघायचा. तोच कागद फॅक्सवर चढायचा. माझं काम होतं त्या कागदाचा मराठी सारांश करून लाईनवर देणं. मशीनवर उभी राहणारी माणसं मराठीच वाचत, आणि बोर्डावरचे निम्मे निर्णय त्यांच्याच हातून अमलात यायचे असत.

त्या कागदाची आठवण मला अजून प्रिय आहे, पण तो वाचायला अवघड होता हेही खरंच. साध्या सेटिंगवर फॅक्स उभ्या दिशेने एका मिलिमीटरला चारपेक्षा किंचित कमी रेषा टिपतो. सहा फुटी बोर्ड ए-फोर कागदावर आला की कोपऱ्यात लिहिलेलं इंचभर अक्षर तीनेक मिलिमीटरचं व्हायचं. म्हणजे बारा-पंधरा फटकाऱ्यांची कांजी अकरा-बारा रेषांत बसवायची. ती काळा ठिपका होऊनच यायची. जपानीत ‘अखेर’ आणि ‘अजून नाही’ या दोन चिन्हांत फरक एवढाच की दोन आडव्या रेघांपैकी वरची लांब की खालची लांब. एक ‘महिनाअखेर’मध्ये येतं, दुसरं ‘ठरलेलं नाही’मध्ये. फॅक्समध्ये दोन्ही सारखी. शिवाय रंग नाहीत. तिकडे लाल मार्करने लिहिलेला शेवटचा निर्णय आणि काळ्या मार्करने लिहिलेली सुरुवातीची सूचना इथे एकाच काळ्या रंगात यायची.

आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी यावर एक शिस्त लावून दिली होती. पहिलं वाक्य मराठीत लिहायच्या आधी फुलस्केप आडवा धरून बोर्ड पुन्हा काढायचा. अर्थ कळो न कळो, जिथे चौकट आहे तिथे चौकट, जिथे बाण आहे तिथे बाण, तुटक रेघ असेल तर तुटकच. जे वाचता येत नाही तिथे वर्तुळात क्रमांक घालायचा. मग त्याच क्रमांकांनी प्रश्नांची एक यादी करून परत फॅक्स करायची. आयएसडी कॉल महाग, म्हणून सगळे प्रश्न एकदम. बहुतेकदा त्याच कागदावर हाताने उत्तरं लिहून तो जपानहून परत यायचा. मग त्याची लगेच झेरॉक्स काढायची, कारण थर्मल कागदावरची अक्षरं फाईलमध्ये हळूहळू उडून जातात. प्रश्न आणि उत्तरं एकाच पानावर राहत, हे त्या पद्धतीचं मोठं सुख होतं.

आता मीटिंग संपायच्या आत फोनवर फोटो येतो. रंगीत, आणि मोठा करून पाहता येणारा. अखेर आणि अजून-नाहीचा घोळ जवळपास संपला. अक्षर वाचण्याच्या बाबतीत जुन्या दिवसांची मला मुळीच ओढ नाही. पण कॉपी बोर्ड नेहमी सरळ, पूर्ण, चारी कडांसह छापायचा. फोटो मात्र ज्याला जी खुर्ची मिळाली तिथून निघतो. ट्यूबलाइटचा पांढरा डाग नेमका मधल्या आकड्यावर, आणि उजवी कड कापलेली. जपानी बोर्ड डावीकडून उजवीकडे भरत जातो. डावीकडे तारीख आणि विषय, मध्ये चर्चा, आणि उजव्या टोकाला ‘शुकुदाई’, म्हणजे कोणी काय कधीपर्यंत करायचं ते. उजवी कड गेली की कारखान्याला जे हवं तेच गेलं. म्हणून मी आता आधीच सांगून ठेवते: एक पूर्ण बोर्डाचा फोटो चारी कोपऱ्यांसह, फ्लॅश बंद, जरा बाजूला सरकून, आणि मग तीन भागांचे तीन. पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं.

२०२४च्या एप्रिलमधला एक बोर्ड सांगते, म्हणजे काम कुठे अडतं ते दिसेल. प्लास्टिकच्या एका कव्हरला दोन नंबरच्या कॅव्हिटीत बर येत होती. फोटो शुक्रवारी आला. बोर्डाच्या डोक्यावर लिहिलं होतं ४/५. जपानमध्ये महिना आधी, तारीख नंतर. आपल्या सवयीने ते चार मे होतं. उजवीकडच्या तारखा ४/८ आणि ४/१०, म्हणजे इथल्या डोळ्यांना ऑगस्ट आणि ऑक्टोबर. पडताळा बोर्डावरच असतो: जपानी माणूस तारखेपुढे कंसात वार लिहितो. ४/८ पुढे सोमवार होता. त्या वर्षी ८ एप्रिल सोमवारी येत होता, ४ ऑगस्ट रविवारी. शंका मिटली. सारांशात मी महिना नेहमी अक्षरांत लिहिते आणि वारही सोडत नाही.

मध्ये चार उपायांचा तक्ता होता आणि प्रत्येकापुढे एक खूण. दुहेरी गोल, गोल, त्रिकोण, फुली. शिफ्टचे सुपरवायझर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, “मॅडम, हे गोल केलंय ते चुकलंय म्हणून का?” त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. आपल्या शाळेत बरोबर उत्तराला टिकमार्क मिळतो आणि चुकीच्या शब्दाभोवती गोल पडतो. जपानी शाळेत बरोबर उत्तराला गोल, आणि टिकमार्कसारखी खूण चुकीला. बोर्डावर दुहेरी गोल म्हणजे उत्तम, गोल म्हणजे चालेल, त्रिकोण म्हणजे अटीवर, फुली म्हणजे नको. या खुणा कितीही स्वच्छ दिसल्या तरी जशाच्या तशा लाईनवर लावल्या तर माणसं नेमकं उलटं वाचतील.

सगळ्यात जास्त वेळ त्रिकोणावर गेला. तो होता ‘क्लॅम्पिंग फोर्स वाढवणे’ या ओळीपुढे. तिथून एक तुटक बाण उजवीकडे गेला होता आणि टोकाला ‘केन्तो’ असं लिहिलं होतं. केन्तो म्हणजे विचार करू, तपासून पाहू. ते ना होकार असतं, ना तारीख. इथल्या घाईत त्याचं ‘करायचं ठरलं’ होऊन बसतं, आणि मग मशीनचं सेटिंग बदललं जातं. फोर्स वाढवला तर बर कदाचित दबेलही, पण मोल्डच्या पार्टिंग फेसची झीज लपेल, आणि फेस अजून खराब होईल. तिकडच्या माणसांनी त्रिकोण त्याचसाठी काढला असणार. पण ‘असणार’ हे सारांशात चालत नाही, म्हणून तो मुद्दा प्रश्नांत गेला.

उरलेल्या साठ्याचा आकडा १.२ आणि पुढे ‘मान’चं चिन्ह. जपानी मोजणी दहा हजारांच्या पटीत चालते, म्हणजे हे बारा हजार नग. आपल्याला लाखाची सवय असल्याने डोळा इथे घसरतो. स्टोअरमध्ये फोन करून साठा विचारला, तो बारा हजारांच्या जवळ निघाला. आकडा बोर्डाबाहेरच्या दुसऱ्या ठिकाणाहून ताडून घेतल्याशिवाय मी तो पुढे देत नाही. बरची मर्यादा आधी ०.२ लिहून खोडली होती आणि वर लाल अक्षरांत ०.१ ‘इका’. इकामध्ये तो आकडाही धरलेला असतो. म्हणजे ०.१ भरलेला नग पास.

लाईनवर गेलेला कागद असा होता:

“शुक्रवार, ५ एप्रिलची मीटिंग. विषय: कव्हर, दोन नंबर कॅव्हिटी, बर.
ठरलं: साठ्यातले सगळे १२,००० नग हाताने तपासायचे, सोमवार, ८ एप्रिलपर्यंत. ०.१ मि.मी. किंवा त्याहून कमी बर असेल तर पास, जास्त असेल तर बाजूला (आधीची ०.२ची मर्यादा रद्द). हा तात्पुरता उपाय आहे. कायमचा उपाय: मोल्डचा पार्टिंग फेस दुरुस्त करणे, टूलरूम, बुधवार, १० एप्रिलपर्यंत.
ठरलेलं नाही: क्लॅम्पिंग फोर्स वाढवणे. सांगितल्याशिवाय सेटिंग बदलू नये.
नाकारलं: मटेरियलचा ग्रेड बदलणे.
जपानला विचारलं आहे: १. फोर्सची ट्रायल घ्यायची का, कोणी? २. ९ एप्रिलला गुढीपाडव्याची सुट्टी आहे, १० तारीख तशीच ठेवायची का? ३. फोटोत उजवीकडे खाली एक ओळ कापली आहे, ती काय आहे?”

बोर्डावर हा क्रम नव्हता. तिथे फोर्सची चर्चा मध्यभागी मोठी पसरली होती आणि साठ्याच्या तपासणीची एकच ओळ कोपऱ्यात. बोर्डावर जागा भांडणाला मिळते, निर्णयाला नाही, असं मला वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. म्हणून सारांश बोर्डाच्या क्रमाने केला तर वाचणारा चर्चेत अडकतो. पण ही अदलाबदल करायची तर आधी बोर्ड जसाच्या तसा समोर हवा, आणि म्हणून मी आजही फुलस्केप आडवा धरून तो काढते. आमच्या नव्या मुली स्क्रीनवरच फोटो मोठा करून ओळ ओळ उतरवतात. मोठ्या केलेल्या फोटोत एका वेळी बोर्डाचा पाव भागच दिसतो, आणि तुटक बाण कुठून निघाला ते नजरेआड राहतं. कागदावर काढल्याशिवाय तो बाण सापडत नाही असं मी त्यांना सांगते, आणि ज्या काढतात त्यांचे प्रश्न नेमके असतात.

मला खरंच हुरहूर लागते ती त्या परत येणाऱ्या फॅक्सची. आता प्रश्न चॅटवर जातात. एकाचं उत्तर मिनिटात येतं, दुसऱ्याचं रात्री, तिसऱ्याचं कोणीतरी अंगठा दाखवून देतं, आणि तो अंगठा होकाराचा की ‘वाचलं’चा ते पुन्हा विचारावं लागतं. म्हणून मी तिन्ही प्रश्न एकाच संदेशात, क्रमांक घालून, कापलेल्या कोपऱ्यावर लाल गोल काढलेल्या फोटोसह पाठवते आणि उत्तरही क्रमांकानेच मागते.

सोमवारी सकाळी लाईन सुरू होण्याआधी उत्तर आलं. फोर्सची ट्रायल मोल्ड दुरुस्त झाल्यावरच, तोवर सेटिंगला हात नको. दहा तारीख बारावर ढकलली. कापलेली ओळ होती ती अशी: दुरुस्तीनंतरचे पहिले पाच नग मोजून त्यांचे फोटो पाठवायचे. ती ओळ मी हातानेच कागदाच्या तळाशी लिहिली आणि सुपरवायझरांनी पुढे टूलरूमचं नाव घातलं.