विरोध केला नाही, म्हणजे होकार दिला का?

२००५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’मध्ये भारतातील आठ केंद्रांवर झालेल्या एका चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तीव्र उन्मादाच्या २९० रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना तीन आठवडे रिस्पेरिडोन मिळाले, उरलेल्यांना औषध नसलेली गोळी. उन्मादावर परिणामकारक औषधे आधीच उपलब्ध असताना ही तुलना कशासाठी, असा आक्षेप घेतला गेला. इतक्या आजारी माणसांच्या सह्यांना संमती म्हणावे काय, हा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता.

उन्मादात शब्दांचे आकलन बहुधा शाबूत असते. रुग्ण संमतिपत्रक वाचतो, त्यातला मजकूर बिनचूक सांगतोही. पण “तुमच्या वाट्याला औषध नसलेली गोळी आली तर काय होईल?” असे विचारताच तो हसून म्हणतो, “मला काय होणार? मला झोपसुद्धा लागत नाही!” धोका त्याला समजला आहे; तो आपल्यालाही लागू आहे, हे मात्र त्याला जाणवत नाही. म्हणूनच सहीपेक्षा या एका प्रश्नाचे उत्तर अधिक बोलके असते.

दिल्लीत संसदेने २०१७ मध्ये संमत केलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही माहिती समजणे आणि निर्णयाचे परिणाम उमगणे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच्या ९९ व्या कलमानुसार, संमती देण्यास असमर्थ असलेल्या पण सहभागाला विरोध न करणाऱ्या रुग्णावर संशोधन करायचे असल्यास राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. नामनिर्देशित प्रतिनिधीची संमती हवीच. शिवाय, हे संशोधन संमती देऊ शकणाऱ्यांवर करता येत नाही, अशी प्राधिकरणाची खात्री पटावी लागते. दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा येथे केंद्रे असलेल्या एकाच अभ्यासाला त्यामुळे तीन राज्यांच्या प्राधिकरणांकडे जावे लागेल. काम लांबते हे खरे. पण नातेवाइकाच्या एका सहीवर सर्व भार टाकण्यापेक्षा ते बरे.

कारण तो नातेवाईक बहुतेकदा दूरच्या गावाहून दिल्लीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आलेला असतो. खाट मिळाली यातच तो डॉक्टरांचा ऋणी असतो. नकार दिला तर उपचार थांबतील, ही भीती त्याला कोणी घालावी लागत नाही.

‘विरोध न करणारा’ या शब्दांत आणखी एक अडचण दडली आहे. झोपेच्या औषधाने गुंगलेला रुग्णही विरोध करत नाही. त्यामुळे त्याला आधी कोणते औषध, किती वाजता दिले, याची नोंद क्षमतेच्या तपासणीशेजारीच असायला हवी.

उन्माद उतरतो, क्षमता परत येते. तेव्हा रुग्णाला सारे नव्याने सांगून त्याची स्वतःची संमती घ्यावी, असे दिल्लीस्थित भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत अपेक्षित आहे. कायद्याने त्याला कधीही माघार घेता येते. मात्र औषधाविना गेलेले आठवडे तोवर सरलेले असतात, आणि त्या दिवसांची त्याला अनेकदा धड आठवणही नसते.