पोर मागे बघतो

स्पॅनिश वाक्यातल्या रिकाम्या जागेसमोर दोघेच उमेदवार उभे असतात, पोर आणि पारा. मराठी विद्यार्थी दोघांनाही 'साठी' समजतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

पोर वयाने मोठा. लॅटिनमधल्या 'प्रो' आणि 'पेर' या दोघांचा वारसा त्या एकट्याच्या वाट्याला आला, म्हणून त्याच्याकडे दोन घरांची कामं आहेत. दहा युरोंना पुस्तक घ्या, तिथे पोर. बागेतून चक्कर मारा, फोनवरून बोला, कुणाचे आभार माना, तिथेही पोरच. वाड्यातल्या जुन्या कारभाऱ्यासारखा तो सगळीकडे असतो आणि कुठलंच काम नाकारत नाही. पारा त्याच्याच घरातला. जुन्या स्पॅनिशमध्ये तो 'पोरा' होता, म्हणजे पोरला 'कडे' या अर्थाचा 'आ' जोडलेला. एल सिदच्या महाकाव्यात हा 'पोरा' अजून भेटतो. त्या 'आ'ने पाराचं तोंड कायमचं पुढे वळवलं. मुक्काम, हेतू, मुदत, ज्याला द्यायचं ती व्यक्ती, हे सगळं त्याच्या नजरेसमोर असतं. पोर मात्र मागचं कारण तरी बघतो, नाही तर पायाखालची वाट.

एकाच पावसाकडे दोघे कसे बघतात ते पाहा. 'मार्ता नो विनो पोर ला युबिया', पावसामुळे मार्ता आली नाही. पाऊस आधी पडला, त्याने मार्ताला अडवलं, आणि पोर त्या पावसाकडे बोट दाखवतो. आता 'उन साको पारा ला युबिया' घ्या. हा पावसात वापरायचा कोट. पाऊस अजून यायचाय, तयारी झाली आहे. वाक्यात शब्द तोच असला तरी तो मागे उभा आहे की पुढे, हे रिकाम्या जागेला आधी विचारावं लागतं. 'का?' आणि 'कशाला?' हे प्रश्न स्पॅनिशमध्येही वेगळे आहेत, पोर के आणि पारा के. रडणाऱ्या माणसाला 'पोर के' विचारलं तर तो दुःख सांगेल. 'पारा के' विचारलं तर त्याला टोमणा लागेल.

आता वर्गात मिळतं तसं एक लांब वाक्य: 'सालिमोस ___ सेविया मान्याना ___ ला मान्याना, ___ उना सेमाना, ___ देस्कान्सार.' उद्या सकाळी सेवियाला निघतोय, आठवडाभर, विश्रांती घ्यायला. पहिली जागा पाराची. निघणं या क्रियेला मुक्काम हवा आणि सेविया समोर आहे. तिथे पोर घातला तर रस्ता सेवियावरून जातो, मुक्काम उरतच नाही. दुसरी जागा पोरची, कारण सकाळी, दुपारी अशा दिवसाच्या सैलसर वेळा स्पेनमध्ये त्याच्याकडे असतात. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तिथे 'एन' ऐकू येतो. तिसरीही पोरचीच, आठवड्याच्या कालावधीची. चौथीत विश्रांती हा हेतू, पुढे क्रियापदाचं मूळ रूप. पाराला याहून सोपी जागा मिळत नाही.

तिसऱ्या जागेपाशी मात्र जरा थांबावं. 'कालावधी म्हणजे पोर' हा पाठ केलेला नियम इथे चालला म्हणून सगळीकडे चालेल असं नाही. दोन दिवस पुरेल एवढं पाणी आहे म्हणताना 'आग्वा पारा दोस दियास' लागतो, कारण पाणी पुढच्या दोन दिवसांकडे बघत साठवलेलं असतं. सोमवारपर्यंत गृहपाठ द्यायचा असेल तर तीही मुदत, म्हणून 'पारा एल लुनेस'. उलट 'दोन वर्षं माद्रिदमध्ये राहिलो' असं साधं सांगताना स्पॅनिश माणूस बहुतेक वेळा दोघांनाही बोलावत नाही, नुसतं 'दोस आन्योस' म्हणतो किंवा 'दुरान्ते' घेतो. स्वाध्यायातली रिकामी जागा मात्र कधी रिकामी सोडता येत नाही. तिथे ती भाषेशी थोडी अप्रामाणिकच असते.

त्याहून वाईट म्हणजे 'त्राबाखो ___ मी एर्मानो' असं वाक्य देऊन उत्तरतालिकेत एकच उत्तर छापणं. पारा घातला तर भाऊ मालक आहे आणि मी त्याच्याकडे नोकरी करतो. पोर घातला तर भाऊ आजारी असेल, आज त्याची पाळी मी करतोय, किंवा त्याच्या प्रेमापोटी राबतोय. व्याकरण दोन्हीकडे निर्दोष. असं वाक्य विचारणाऱ्याने 'एस्ता एन्फेर्मो', म्हणजे तो आजारी आहे, एवढे दोन शब्द मागे जोडले तरी प्रश्न बराच सरळ होतो. नाही तर विद्यार्थ्याने दोन्ही उत्तरं लिहावीत आणि शेजारी भाऊ कोण ते सांगावं.