ग्रुपची लिंक म्हणजे दाराची किल्ली. आपण ती फ्लेक्सवर लावली होती

आमच्या गावच्या मोसंबी ग्रुपात परवा कुणीतरी विचारलं, "लिंक का चालंना गेली? पाहुण्याला ॲड करायचंय." लिंक दर थोड्या दिवसांनी का बदलतो हे एकदा नीट लिहून टाकतो. आमच्यावर जे बेतलं ते बाकीच्या गावांतल्या ॲडमिन मंडळींनाही कामाला येईल.

हा व्हॉट्सॲप ग्रुप मी अंबिया बहाराचे भाव कळावेत म्हणून काढला. जालन्याच्या मार्केटला आज काय भाव निघाला, बागेवर येणारा व्यापारी टनाला काय बोलतोय, फळगळीवर कुणी काय मारलं, एवढंच बोलणं. एकेकाचा नंबर सेव्ह करून ॲड करणं कटकटीचं, म्हणून लिंक काढली आणि तिचा क्यूआर कोड पारावरच्या फ्लेक्सवर छापला. महिनाभरात २१४ माणसं झाली. मला लई भारी वाटलं.

२०२५ च्या सुरुवातीला फार्मर आयडी काढायची गावोगाव धांदल होती. ग्रुपवर मीच टाकलं, "ज्यांचा फॉर्म भरायचा राहिलाय त्यांनी आधार आणि सातबाऱ्याचा फोटो इथंच टाका, पोरगं भरून देईल." चूक माझीच. सोमवारी दिवसभरात नऊ जणांनी टाकले.

बुधवारी रात्री एका अनोळखी नंबरवरून ग्रुपात फाईल आली. नाव पीएम किसानचं, पण शेवटी `.apk`. खरी योजना असली फाईल व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. ती मोबाईलात बसली की आलेले मेसेज, म्हणजे बँकेचे ओटीपीसुद्धा, दुसऱ्याला वाचता येतात. शेजारच्या आबांचा फोन आला, "अरे बाबू, हप्त्याचं काहीतरी आलंय, दाबू का?" आबांनी विचारलं म्हणून वाचले. न विचारता दाबणारेही ग्रुपात होतेच.

मी लगेच ती फाईल सगळ्यांसाठी डिलीट केली आणि त्या नंबरला काढलं. झालं असं वाटलं. दहा मिनिटांत दुसरा नंबर आत आला आणि तीच फाईल पुन्हा पडली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: मी चोराला बाहेर काढत होतो, दार मात्र उघडंच होतं.

लिंकचा स्वभावच असा आहे. ती कुणाच्या नावाची नसते. `chat.whatsapp.com/` च्या पुढची अक्षरं ज्याच्या हातात पडतील तो आत. आमच्यातल्याच एकानं चांगल्या मनानं ती फेसबुकवरच्या मोसंबीच्या एका पोस्टखाली कमेंटमध्ये टाकली होती. तिथून ती कुठं कुठं गेली, देव जाणे. २०२० च्या फेब्रुवारीत तर असल्या हजारो लिंका थेट गूगलच्या शोधात दिसत होत्या, जगभर बोंब झाली होती. उघड्यावर टाकलेली लिंक आपल्या हातात राहत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी लिंक मारायची, मग माणसं काढायची. ग्रुपच्या नावावर टच करायचं, `Invite via link` मध्ये जायचं आणि `Reset link` दाबायचं. जुनी लिंक त्या क्षणी मेली. तिच्यासोबत क्यूआर कोडही मेला, म्हणजे फ्लेक्स बाद. पण एक गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते: जे आधीच आत आलेत, ते आतच राहतात. रिसेटनं फक्त पुढची वाट बंद होते. आतले हातानंच काढावे लागतात.

ते ओळखायचे कसे? लिंकवरून कुणी आलं की ग्रुपात बारीक अक्षरात तशी ओळ येते. मी चहा घेऊन बसलो आणि अंगठ्यानं वर वर सरकत गेलो. नाव नसलेला प्रत्येक नंबर वहीत लिहिला आणि ग्रुपवर विचारलं, "हा कुणाचाय?" बरेचसे आपलेच निघाले. कुणाचा जावई, कुणाचं पुण्याला असलेलं पोरगं. ११ नंबरांना मात्र कुणीच धनी नव्हता. ते काढले. मग सदस्यांच्या यादीच्या तळाशी गेलो, तिथं गेल्या ६० दिवसांत बाहेर पडलेल्यांची यादी असते. तिथं आणखी दोन अनोळखी सापडले. मुकाट्यानं आले आणि मुकाट्यानं गेले होते.

आता खरा प्रश्न. या लोकांनी काय काय पाहिलं? माणूस आत आला की त्याला सगळ्यांचे नंबर दिसतात आणि तो आल्यानंतरचा प्रत्येक मेसेज मिळतो. म्हणून सगळ्यात पहिला परका कधी शिरला, ती वेळ शोधायची. आमच्याकडं ती निघाली रविवारी रात्री ११ वाजून ४० मिनिटांची. आधारचे फोटो सोमवारचे. म्हणजे नऊच्या नऊ कागद परक्याच्या मोबाईलात गेले असं धरूनच चालायचं. फोटो मी ग्रुपातून डिलीट केले, पण ज्यानं आधीच उतरवून घेतला त्याच्याकडून तो परत येत नाही.

मग नऊ जणांच्या घरी गेलो. फोनवर हे सांगायला तोंड नव्हतं. प्रत्येकाचं आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं, म्हणजे अंगठ्यावरून पैसे निघायची भीती गेली. अंगठा लावायची वेळ आली की तेवढ्यापुरतं उघडता येतं. पैसे गेलेच तर वाट न बघता १९३० ला फोन लावायचा, हेही भिंतीवर लिहून दिलं. एक काकू म्हणाल्या, "तू सांगितलं म्हणून टाकलं होतं रे." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

काही जण म्हणाले, "ॲडमिनला जेल होती, सोडून दे." तसं नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं आणि ॲडमिनचा त्यात हात नसेल, तर ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. पण ज्या नऊ जणांनी माझ्या शब्दावर कागद टाकले, त्यांचं कोर्ट वेगळं.

आता आमच्याकडं `Approve new members` चालू आहे. लिंक कुणालाही मिळो, त्याची आधी विनंती येते आणि दोघा ॲडमिनपैकी एकजण "कुणाचा?" विचारूनच आत घेतो. यात ताप आहे. पेरणीच्या दिवसांत विनंत्या दोन-दोन दिवस पडून राहतात, माणसं चिडतात. नवीन फ्लेक्सवर क्यूआर नाही, ॲडमिनचा फोन नंबर आहे. आणि कागदांचे फोटो ग्रुपवर बंद. ज्याचा फॉर्म असेल त्यानं कागद घेऊन पोरासमोर येऊन बसायचं.

ग्रुप आता १९६ चा आहे. पाहुण्याला ॲड करायचं असेल तर पाहुण्याचं नाव आणि गाव मला कळवा. रागावू नका, विचारल्याशिवाय दार उघडणार नाही.